साडेसात मिनिटांची श्रीमंती

आमच्या कचेरीचा मेल सर्व्हर जगापेक्षा साडेसात मिनिटं मागे चालत होता, ते दिवस फार सुखाचे होते. आता त्याला वेळेवर आणलंय. झालं ते झालं, पण मागे राहण्यात किती गुण होते याची कुठेतरी नोंद असावी म्हणून हे लिहितो आहे.

मागे राहण्याची आपल्याकडे जुनी आणि मानाची परंपरा आहे. १९०६ साली देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ सोडली नाही. देशापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. त्यापुढे आमची साडेसात मिनिटं म्हणजे किरकोळच. फरक एवढाच, की आपलं घड्याळ किती मागे आहे हे मुंबईकराला ठाऊक असायचं. आमच्या सर्व्हरला ते ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला तर त्याहून नव्हतं.

ही मिनिटं आम्हाला एका दिवसात मिळाली नाहीत. गेल्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ला, आम्ही मेल सर्व्हर जुन्या नेटवर्कातून नव्या नेटवर्कात नेला. मुहूर्त साधून सीमोल्लंघन केलं, मशीनला झेंडूचा हारही घातला. नव्या जागी फायरवॉलने २५ नंबरचा पोर्ट उघडला, ५८७ उघडला, ९९३ उघडला. १२३ नंबरचा यूडीपी पोर्ट मात्र कुणी मागितला नाही, म्हणून कुणी दिला नाही. तो पोर्ट बाहेरच्या घड्याळाला वेळ विचारण्याचा. आता एखादं मशीन वेळच विचारत बसलं तर ते काम कधी करणार?

तेव्हापासून सर्व्हर आपल्या मनाने चालू लागला. कुठल्याही मशीनचं घड्याळ शेवटी क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या ठोक्यांवर चालतं. स्फटिक स्वस्त असतो, थंडी-उन्हाप्रमाणे त्याचा ठोका बदलतो, आणि दहा लाख सेकंदांत पन्नास-साठ सेकंदांची चूक त्याच्याकडून सहज होते. आमच्याकडे हा आकडा ५८ होता. म्हणजे दिवसाला पाच सेकंद. पाच सेकंदांत चहाचा कपसुद्धा ओठापर्यंत जात नाही. पण नेमाने रोज पाच सेकंद टाकत गेलं, की नव्वद दिवसांत साडेचारशे होतात. पोस्टातल्या आवर्ती ठेवीतही असं निर्वेध साठत नाही.

या ठेवीचं पहिलं व्याज १ जानेवारीला मिळालं. त्या पहाटे साडेपाचला, म्हणजे सर्व्हरच्या साडेपाचला, आमच्याकडून सगळ्या ग्राहकांना नववर्षाच्या शुभेच्छा गेल्या. आमच्या प्रत्येक पत्रावर सर्व्हर डीकेआयएमची सही करतो. पत्र खरोखर आमच्याकडून निघालं आणि वाटेत कुणी बदललं नाही, एवढं ती सही सांगते. सहीत दोन वेळा असतात: `t` म्हणजे सही कधी केली आणि `x` म्हणजे ती कधीपर्यंत धरायची. दोन्ही १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत.

```
t=1767225600; x=1767226500;
```

यांतलं अंतर ९०० सेकंद, पंधरा मिनिटं. हे आयुष्य मीच ठरवलं होतं. चोरलेली सही लावून तेच पत्र कुणी पुन्हा पुन्हा पाठवू नये म्हणून सहीचं आयुष्य कमी असावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. `x` हा पुनरावृत्तीविरुद्धचा उपाय नव्हे, असं त्याच मानकात लिहिलेलं आहे. पण मानक वाचणं आणि मानकाबद्दल वाचणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि मी दुसरीत पारंगत आहे.

सर्व्हरने `t` मध्ये ५:३० लिहिले तेव्हा खरी वेळ ५:३७:३० होती. `x` आला ५:४५ चा. म्हणजे पंधरा मिनिटांचं आयुष्य घेऊन निघालेली सही जन्मतःच अर्धी म्हातारी. तरी बहुतेक पत्रं दोन-चार सेकंदांत पोहोचतात, आणि साडेसात मिनिटं शिल्लक असलेल्या सहीला दोन सेकंदांचा प्रवास म्हणजे काहीच नाही. तपासलं तर सगळं उत्तम.

मौज आली ती ग्रेलिस्टिंगवाल्यांकडे. काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला पहिल्यांदा दारातून परत पाठवतात, 'थोड्या वेळाने या' म्हणतात. खरा पाहुणा परत येतो, स्पॅमवाला बहुधा येत नाही. आमचा पोस्टफिक्स इमानदार असल्यामुळे परत गेला, दहा मिनिटांनी. खरी वेळ ५:४७:३०. सही ५:४५लाच संपलेली. इथे एक बारीक गोष्ट आहे: सही पत्र रांगेत येतानाच होते, दारात पोहोचताना नव्हे. त्यामुळे रांगेत घालवलेला प्रत्येक क्षण सहीच्या आयुष्यातून वजा होतो. घड्याळ बरोबर असतं तर `x` ५:५२:३० चा आला असता आणि पाच मिनिटं हातात राहिली असती.

घेणाऱ्याने थोडी सवलत द्यायला हरकत नाही, असं मानक म्हणतं. ओपनडीकेआयएममध्ये त्यासाठी `ClockDrift` नावाची सेटिंग आहे आणि ती मुळात ३०० सेकंदांची असते. म्हणून दिलदार सर्व्हरांकडे आमच्या शुभेच्छा सहीसलामत पोहोचल्या आणि कडक सर्व्हरांकडे सही बाद झाली. त्यांतही आयपी पत्त्यावरून होणारी दुसरी तपासणी बरोबर असल्यामुळे बरीच पत्रं तरली. बुडाली ती फक्त त्यांची, ज्यांच्याकडे पत्र आधी ग्रेलिस्टिंगने थांबलं, ज्यांचा सर्व्हर कडक होता, आणि ज्यांनी आपलं पत्र एका पत्त्यावरून दुसरीकडे वळवून घेतलं होतं. कारण वळवलेल्या पत्राला आयपीची तपासणी पास होत नाही, मग सगळा भार सहीवर येतो.

तक्रार आली ती अशी: 'काही लोकांना, कधीकधी मेल मिळत नाही.' सिस्टिम अ‍ॅडमिनच्या आयुष्यात याहून मोहक वाक्य नसतं. 'काही' आणि 'कधीकधी' या दोन शब्दांवर दोन दिवस आरामात काढता येतात. मी स्वतःला चाचणीचं पत्र पाठवलं. दोन सेकंदांत आलं, सही पास. तिकिटावर 'अडचण आढळली नाही' असं लिहिलं आणि जेवायला गेलो.

दुसरं सुख लॉगचं. त्यात आमच्या आर्काइव्ह सांभाळणाऱ्या ताई सामील होत्या, म्हणून ते जास्त गोड. कचेरीतल्या प्रत्येक पत्राची एक प्रत आर्काइव्ह सर्व्हरवर जाते, आणि समोरच्याचं सर्टिफिकेट तपासल्याशिवाय पत्र हाती द्यायचं नाही, असं मेल सर्व्हरला बजावलेलं आहे. त्या आठवड्यात एका रात्री ठीक दोन वाजता आर्काइव्हचं सर्टिफिकेट कचेरीच्याच सीएकडून नवं झालं. त्यावर 'या क्षणापासून लागू' म्हणून लिहिलं होतं २:००:००. मेल सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा एक वाजून साडेबावन्न मिनिटं. त्याच्या मते हे सर्टिफिकेट भविष्यातलं होतं, आणि भविष्यातल्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही हे त्याचं धोरण अगदी रास्त होतं. तो कनेक्शन जोडायचा, सर्टिफिकेट बघायचा आणि पत्र न देताच निघून जायचा. पत्रं रांगेत थांबली. साडेसात मिनिटांनी त्याच्याही घड्याळात दोन वाजले, सर्टिफिकेट त्याला लागू वाटू लागलं, आणि पुढच्या फेरीत सगळी पत्रं गेली. कुणी बोटही न लावता बिघाड दुरुस्त झाला. असा बिघाड कितीजणांच्या नशिबी येतो?

सकाळी ताईंचा फोन आला. "अहो, रात्री दोन ते दोन-सात तुमची कनेक्शनं येऊन तुटत होती. लॉगमध्ये स्पष्ट दिसतंय."

मी माझा लॉग उघडला, दोन ते दोन-सात बघितलं. एकही तुटलेलं कनेक्शन नाही, उलट पत्रांमागून पत्रं पोहोचल्याची नोंद. "ताई, माझ्याकडे त्या वेळेला सगळं हिरवं आहे. तुमचंच काहीतरी असेल."

"माझं काही नाही हो. स्क्रीनशॉट पाठवते."

"मीही पाठवतो."

दोघांनी पाठवले. दोन्ही खरे होते. माझ्या दोन वाजता जे घडलं ते त्यांच्या दोन-साडेसातला घडलं होतं. त्यांना हवं असलेलं सगळं माझ्या लॉगमध्ये एक-बावन्न ते दोन या वेळात होतं, आणि तिथे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तक्रार दोनची होती. खोटं न बोलता दोन माणसं दिवसभर भांडू शकतात याचा असा पुरावा कोर्टातही सापडणार नाही. भांडणात एक फायदा असा झाला, की मला आर्काइव्हच्या टीममधल्या सगळ्यांची नावं पाठ झाली.

लेट्स एन्क्रिप्टसारख्या सीएने मात्र ही गंमत मोडून ठेवली आहे. ते नव्या सर्टिफिकेटवर 'या क्षणापासून' म्हणून मुद्दाम तासभर आधीची वेळ टाकतात, जगात माझ्यासारखे अ‍ॅडमिन आहेत हे गृहीत धरून. त्यामुळे बाहेरच्या सर्टिफिकेटांशी आमचं कधी वाजलं नाही. वाजलं ते घरच्या सीएशी, कारण घरच्यांनी आम्हाला शहाणं समजलं. घड्याळ पुढे असतं तर उलटं झालं असतं: चांगलं चालणारं सर्टिफिकेट साडेसात मिनिटं आधीच संपलं असतं. पण पुढे धावणं आमच्या स्वभावात नाही.

आणखी एक छोटा चमत्कार सांगायचा राहिला. आमच्या साहेबांनी लॅपटॉपवरून १०:०५ला पत्र पाठवलं. समोरच्याने दोन मिनिटांत उत्तर दिलं. सर्व्हरने ते उत्तर आपल्या घड्याळाप्रमाणे नऊ-एकोणसाठला पोहोचल्याची नोंद केली. विचारण्याआधीच उत्तर हजर. साहेबांनी मला बोलावून विचारलं, तेव्हा मी म्हणालो की आपले व्हेंडर फार तत्पर आहेत.

या सगळ्यात आम्ही नियम मोडत होतो असं कुणी समजू नये. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले, की सर्व संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरांशी मिळती ठेवावीत, आणि लॉग १८० दिवस जपावेत. आमच्या फाईलीत `samay1.nic.in` अगदी ठळकपणे लिहिलेलं होतं. नोव्हेंबरात ऑडिटर आले, त्यांनी फाईल बघितली, खूण केली. मग म्हणाले, सेवा चालू आहे का ते दाखवा. मी `timedatectl` चालवून दाखवलं:

```
System clock synchronized: no
              NTP service: active
```

त्यांनी खालची ओळ बघितली. मीही खालचीच बघितली. `active` हा शब्द माणसाला किती समाधान देतो. वेळ विचारणारा क्रॉनी चालू होता, उठून बसला होता, दर काही मिनिटांनी दारावर जाऊन विचारत होता. फायरवॉल त्याचा प्रश्न बाहेर जाऊ देत नव्हता एवढंच. वरची ओळ सांगत होती की वेळ जुळलेली नाही, पण ती वर होती, आणि ऑडिटचा स्क्रीनशॉट नेहमी वरून कापतात.

शेवटी घात केला ताईंनी. त्यांनी माझ्या आणि त्यांच्या लॉगमधून एकच मेसेज-आयडी शोधला. वेळेवर विसंबण्यापेक्षा पत्राच्या आयडीवर विसंबावं, तो दोन्हीकडे सारखाच असतो. मग एकाच पत्राच्या दोन वेळा शेजारीशेजारी ठेवल्या: माझ्याकडे ११:२०:१२, त्यांच्याकडे ११:२७:५२. दुसरं पत्र घेतलं, फरक तेवढाच. तिसरं, तेवढाच. मग त्यांनी १ नोव्हेंबरचं एक पत्र काढलं. त्यात फरक अडीच मिनिटांचा. "रोजचे पाच सेकंद," ताई म्हणाल्या. "हे नेटवर्कचं काम नाही. नेटवर्क असं नेमाने वागत नाही."

त्यांनी मला `chronyc sources` चालवायला लावलं.

```
MS Name/IP address   Stratum Poll Reach LastRx
^? samay1.nic.in           0   10     0      -
```

`Reach` म्हणजे गेल्या आठ प्रश्नांपैकी कितींना उत्तर आलं याचा आठच्या पायाने लिहिलेला हिशेब. आठही आले तर ३७७. आमच्याकडे शून्य. दसऱ्यापासून एकही नाही.

पोर्ट उघडायचा म्हणून फायरवॉलवाल्या साहेबांना फोन लावणारच होतो, तेवढ्यात ताईंनी हात धरला. क्रॉनीच्या फाईलीत ही ओळ होती:

```
makestep 1.0 3
```

फरक एक सेकंदाहून मोठा असेल तर पहिल्या तीन जुळवण्यांत घड्याळ सरळ उडी मारून बरोबर कर, असा तिचा अर्थ. आमच्या क्रॉनीची अजून पहिलीही जुळवणी झाली नव्हती. म्हणजे फायरवॉलवाल्या साहेबांनी बटण दाबताच काही सेकंदांत, मेल चालू असताना, घड्याळ साडेसात मिनिटं उडालं असतं. आमची उडी पुढे असल्यामुळे त्यातल्या त्यात सुसह्य. मागे उडी असती तर जुना डोव्हकॉट काय करतो हे जुन्या मंडळींना आठवत असेल. तो लॉगमध्ये लिहून ठेवायचा की वेळ मागे सरकली, यातून फार घोटाळे होतील, म्हणून मी आता स्वतःला संपवतो. आणि खरोखर संपवायचा. नव्या आवृत्त्यांत एवढी तत्त्वनिष्ठा राहिलेली नाही.

उडीऐवजी हळूहळू सरकवण्याचीही सोय असते. क्रॉनी सेकंदामागे सुमारे एक-बारांश सेकंद भरून काढतो, म्हणजे साडेसात मिनिटांना दीड तास. जुन्या एनटीपीडीच्या मर्यादेत सेकंदाला दोन हजार सेकंद लागतात. त्याने हाच फरक दहा दिवसांत मिटवला असता. मला तो फार आवडला, पण ताईंना नाही.

शनिवारी, ३ जानेवारीला रात्री अकरा वाजता पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट थांबवले. फाईलीत एकाच नावावर विसंबायचं नाही म्हणून `samay2.nic.in` आणि `time.nplindia.org` हीही घातली. तीन घड्याळं असली की एक खोटं बोललं तरी उरलेल्या दोघांवरून ओळखता येतं. `rtcsync`ही होतीच, म्हणजे पुढच्या वेळी मशीन बंद पडून सुरू झालं तर आतलं घड्याळही बरोबर असेल. सहीचं आयुष्य पंधरा मिनिटांवरून सात दिवस केलं, कारण पोस्टफिक्स न पोहोचलेलं पत्र पाच दिवस रांगेत ठेवतो. मग फोन केला. पोर्ट उघडला. क्रॉनीने लॉगमध्ये लिहिलं:

```
System clock was stepped by 465.204 seconds
```

साडेसात मिनिटांवर आणखी पंधरा सेकंद. नववर्षानंतरच्या तीन दिवसांचं व्याज. सेवा पुन्हा सुरू केल्या. `Reach` ७ झाला, ३७ झाला, काही मिनिटांत ३७७. देखरेखीच्या यंत्रणेत नवा इशारा बसवला: सेवा चालू आहे का हे विचारू नकोस, घड्याळ अर्ध्या सेकंदाहून जास्त चुकलं किंवा `System clock synchronized` पुढे `no` आलं तर मला उठव. तेव्हापासून एकदाही त्याने उठवलं नाही, आणि माझी झोप आता वेळेवर होते. पूर्वी ती कधीही व्हायची.

जुन्या लॉगचा हिशेबही सोपा निघाला, हे विशेष. दसऱ्यापासूनचे दिवस मोजायचे, पाचने गुणायचं, तेवढे सेकंद मिळवायचे. ताईंनी दोन-तीन पत्रांवर ताडून बघितलं, सेकंद-दोन सेकंदांच्या आत बसलं. लॉगला मात्र हात लावायचा नाही. दुरुस्तीचं कोष्टक वेगळ्या फाईलीत.

फक्त त्या शनिवारचं काय करायचं, हे राहिलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ ११:०४:०३ ची आहे आणि तिच्या लगेच खालची ११:११:४८ ची. मधली सात मिनिटं पंचेचाळीस सेकंद आमच्याकडे घडलीच नाहीत. ऑडिटर पुढच्या महिन्यात येतात. त्या वेळात काय झालं असं त्यांनी विचारलं, तर काहीच झालं नाही असं सांगायचं ठरलंय, आणि त्या काहीच न झाल्याचा लॉग १८० दिवस जपून ठेवला आहे.